पळणाऱ्याची विश्रांती

पहाटे साडेपाचच्या सुमारास तालुक्याच्या गावाबाहेर डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहिले, तर हल्ली पळणारी माणसे हटकून दिसतात. पूर्वी पळताना दिसायचा तो एक तर तालमीतला पोरगा, नाही तर पोलिसभरतीची तयारी करणारा उमेदवार. आता त्यांच्या जोडीला चाळिशीतले शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, पतपेढीतले कारकून आहेत, आणि पायांत बूट घालून झपाझप चालणाऱ्या, मधूनच धावणाऱ्या भगिनीही आहेत. यांना पदक नको आहे आणि पळण्यावर नोकरीही मिळायची नाही. पळतात ते हौसेने. आज बोलायचे आहे ते या हौशी मंडळींविषयी, आणि तेही एकाच गोष्टीपुरते. सराव अति झाला हे ओळखावे कसे, आणि तो झालाच तर किती दिवस थांबावे?

कोणी म्हणेल, अति सराव हे तर मोठ्या खेळाडूंचे दुखणे. आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर पळणाऱ्याला ते कसे व्हावे? पण हिशेब नुसत्या किलोमीटरांचा नसतो. मोठा खेळाडू सकाळी पळतो आणि दुपारी झोपतो. त्याच्याजवळ शिक्षक असतो, आणि 'आज पुरे' असे सांगणे हेच त्या शिक्षकाचे काम असते. आपला हौशी माणूस पहाटे पळतो, मग सात तास उभा राहून शिकवतो, संध्याकाळी शेतावर चक्कर मारतो आणि रात्री अकराला आडवा होतो. त्याला 'आज पुरे' म्हणणारे कोणी नसते. उलट मोबाइलवरच्या गटात कोणी तरी आज बारा किलोमीटर केल्याचे चित्र टाकलेले असते, ते पाहून याचे पाय शिवशिवतात.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींची हकीकत सांगतो, म्हणजे सगळा उलगडा होईल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातले हे गुरुजी, वय बेचाळीस. घरची दोन एकर भातशेती. दोन वर्षे नेमाने पळत होते, प्रकृती ठणठणीत. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला जाणारी एकवीस किलोमीटरांची शर्यत दरवर्षी पावसाळ्यात होते. २०२३ साली त्यांनी तिच्यात नाव घातले. शाळेत पोरांना सांगून झाले, मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी जाहीरही केले. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

मे महिन्यापर्यंत त्यांचा आठवडा असा असे. सोमवारी आणि गुरुवारी सुट्टी. मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस-चाळीस मिनिटे सावकाश. बुधवारी अर्धा तास जरा जोरात. शनिवारी अर्धा तास अगदी रमतगमत. रविवारी दीड तास लांब पल्ला. जून उजाडला तशी त्यांना घाई सुटली. दोन्ही सुट्ट्या गेल्या. सोमवार ते शनिवार रोज पंचावन्न मिनिटे, आणि तीही रेटून. रविवारी घाटाच्या चढावर एक तास पन्नास मिनिटे. त्यातच भाताची तरवे टाकायची, चिखलणी करायची, मग लावणी. रोज उठायचे साडेचारला.

आता एक छोटे गणित करू. शिक्षक मंडळींनी कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. श्रम किती वाटले याला ० ते १० असे गुण द्यायचे. पळता पळता शेजाऱ्याला गावच्या गोष्टी सांगता येत असतील, तर दोन किंवा तीन. एकेक छोटे वाक्य कसेबसे बोलता येत असेल, तर पाच-सहा. दोन शब्दांपलीकडे बोलवत नसेल, तर सात-आठ. आणि बोलणे सोडा, पुढचे पाऊल टाकणेही नको होते तेव्हा दहा. श्रमाला असे आकडे देण्याची कल्पना स्वीडनमधल्या गुन्नार बोर्ग यांची. पुढे अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी तिला एक सोपी जोड दिली. पळून झाल्यावर तो गुण मिनिटांनी गुणायचा. जो आकडा येईल तो त्या दिवसाचा भार. ना यंत्र लागत, ना घड्याळाखेरीज दुसरे काही.

गुरुजींचा मे महिन्यातला आठवडा याप्रमाणे मांडू. मंगळवार आणि शुक्रवार, चाळीस गुणिले तीन, म्हणजे १२० आणि १२०. बुधवार, तीस गुणिले सहा, १८०. शनिवार, तीस गुणिले दोन, ६०. रविवार, नव्वद गुणिले पाच, ४५०. एकूण ९३०. जूनमधला आठवडा घ्या. रोजची पंचावन्न मिनिटे आणि श्रमाचे गुण सहा, म्हणजे दिवसाला ३३०, सहा दिवसांचे १९८०. रविवारी एकशे दहा मिनिटे गुणिले सात, ७७०. एकूण २७५०.

मिनिटे दोनशे तीसवरून चारशे चाळीस झाली, म्हणजे दुपटीलाही थोडी कमी. पण भार जवळजवळ तिप्पट झाला! गुरुजी सगळ्यांना सांगत होते, 'वेळ थोडा वाढवलाय, एवढंच.' त्यांच्या लेखी ते खरेही होते. वेळ आणि जोर ही दोन्ही एकदम वाढली, आणि यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे ध्यानात आले नाही. शिवाय लावणीचा चिखल या हिशेबात धरलेलाच नाही. वाकून चार तास रोपे लावणारा माणूस त्या दिवशी विश्रांती घेत होता असे कोण म्हणेल?

पहिले दोन आठवडे झकास गेले. नवी उमेद असते. तिसऱ्या आठवड्यात पाय जड पडू लागले. घरापासून धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येण्याचा त्यांचा पाच किलोमीटरांचा नेहमीचा रस्ता होता. तो ते तेहतीस मिनिटांत सहज करीत. आता छत्तीस मिनिटे लागू लागली, आणि धाप मात्र पूर्वीपेक्षा जास्त. यावर त्यांनी काय केले? 'सराव कमी पडतोय' असे ठरवून संध्याकाळीही वीस मिनिटे पळायला सुरुवात केली. या दुखण्यातली मोठी गोम हीच आहे. भूक लागली की माणूस जेवतो, झोप आली की निजतो. पण अति सरावाने वेग घटला की हौशी माणूस सराव वाढवतो. औषध म्हणून तो विषच जास्त घेतो.

हे प्रथम कोणाच्या लक्षात आले असेल? त्यांच्या मंडळींच्या. एके दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर दमलेले असतात आणि रात्री बाराला टक्क जागे. ताटात भाकरी तशीच राहते. आणि शाळेत कधी आवाज न चढवणारा माणूस, काल एका पोराच्या अंगावर वह्या भिरकावल्यान्." दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना बोलावून घेतले. वजन दीड-दोन किलो उतरलेले. सर्दी-खोकला तीन आठवडे हटलेला नव्हता. सकाळची नाडी ते हौसेने मोजून ठेवीत; ती एरवी ५८ असे, ती ६६ वर गेली होती. गुरुजी मात्र म्हणत होते, "काही नाही हो डॉक्टर, शर्यत झाली की आराम करतो."

श्रोते हो, थकवा तीन तऱ्हेचा असतो, आणि त्यांतला फरक कळला की निम्मे काम झाले. पहिला थकवा रोजचा. रविवारी लांब पळालात, सोमवारी मांड्या दुखल्या, बुधवारपर्यंत मोकळे झालात. हा हवाच, त्याच्यावाचून शरीर सुधारत नाही. पळण्याने स्नायूंत बारीक इजा होते, त्यांच्यातला साखरेचा साठा रिकामा होतो. भात-भाकरी पोटभर मिळाली तरी हा साठा पुरता भरायला एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. इजा भरून येते ती झोपेत आणि विश्रांतीत, आणि भरून येताना स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट होतो. म्हणजे पळताना आपण मागणी नोंदवतो. माल येतो तो नंतर.

दुसरा थकवा साचलेला. इथे मागणीवर मागणी जाते, माल पोचायला वेळच मिळत नाही. वेग घटतो, मन चिडचिडे होते, झोप उडते. यातून बाहेर पडायला काही आठवडे लागतात, कधी महिने. आणि तिसरा, खरा अति सरावाचा विकार. त्यात सहा-सहा महिने, वर्षवर्ष माणूस पूर्वपदावर येत नाही. तो हौशी लोकांत क्वचित दिसतो. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ साली या विषयावर एक संयुक्त निवेदन काढले. त्यात दोन गोष्टी स्पष्ट म्हटल्या आहेत. या विकाराची अशी एकही रक्ततपासणी नाही की जी केली आणि निदान झाले. आणि दुसऱ्या अवस्थेतला माणूस कोणता व तिसऱ्यातला कोणता, हे त्या दिवशीच्या लक्षणांवरून सांगता येत नाही. तो बरा व्हायला किती दिवस लागले, यावरूनच ते कळते. म्हणून विश्रांती हे नुसते औषध नाही, तीच तपासणीही आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता खुणांविषयी. पुष्कळांचा भरवसा सकाळच्या नाडीवर असतो. नाडी मोजावी, पण नीट मोजावी. जाग आली की अंथरुणातून उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पुरे एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. त्यात एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. चांगल्या तब्येतीत आठवडाभर मोजून आपली नेहमीची नाडी ठरवून ठेवावी. ती सलग तीन-चार दिवस सात-आठ ठोक्यांनी वर राहिली, तर थांबून विचार करावा. पण नाडी वर जाण्याला कारणे फार. रात्रीचा उकाडा, अंगात मुरलेला ताप, आदल्या रात्रीचे लग्नाचे जेवण, घरातली काळजी, यांतले काहीही पुरते. आणि उलटेही घडते. अति सराव झालेल्या कित्येकांची सकाळची नाडी अजिबात वाढत नाही. इतकेच काय, पळताना नाडी पूर्वीपेक्षा कमी दिसते आणि तरी श्रम जास्त वाटतात. घड्याळात नाडी कमी दिसली की आपले हृदय बळकट झाले असे समजून गडी खूश होतो. तेव्हा नाडी हा एक साक्षीदार समजावा, न्यायाधीश नव्हे.

मग अधिक खरे कोण बोलते? माणूस स्वतः. २०१६ साली अशा पुष्कळ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, खेळाडूने आपल्या झोपेविषयी, मनःस्थितीविषयी, थकव्याविषयी स्वतः दिलेली उत्तरे सरावाचा ताण जितका नेमका दाखवतात, तितका रक्ताच्या आणि नाडीच्या मोजमापांतून दिसत नाही. गुरुजींच्या मंडळींना जे दिसले ते म्हणूनच मोलाचे होते. झोप, भूक, राग आणि नेहमीच्या रस्त्याला लागणारा वेळ, या चार गोष्टी पाहाव्यात. एखादी बिघडली तर काही बोलायचे कारण नाही. दोन-तीन एकदम बिघडल्या आणि आठवडाभर तशाच राहिल्या, तर सराव अति झाला असे धरून चालावे.

इथे घोड्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शर्यतीच्या घोड्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना एक दिवस कठीण सराव आणि एक दिवस हलका, असा क्रम होता. कठीण दिवसांचे श्रम हळूहळू वाढवीत नेले. घोडे ते सोसत गेले आणि तयार होत गेले. मग संशोधकांनी हलक्या दिवसांचा जोरही वाढवला. आणि तिथे घोडे ढासळले, ठरलेले काम पुरे करीनात. कठीण दिवसाने त्यांना मोडले नव्हते; मधला हलका दिवस काढून घेतला, त्याने मोडले. बैल बाळगणाऱ्याला यात नवल वाटायचे नाही. नांगरट कितीही राहिलेली असो, जाणता शेतकरी ऊन चढले की औत सोडतोच. तोच शेतकरी पहाटे स्वतः पळायला निघाला की हा नियम विसरतो, एवढेच.

गुरुजींच्या जूनच्या आठवड्यात नेमके हेच झाले होते. रविवारचा घाट एकटा त्यांना जड गेला नसता. पण सोमवार ते शनिवार सगळे दिवस एकसारखे, धड कठीण नाहीत आणि धड हलकेही नाहीत. हौशी लोकांचा हा नेहमीचा प्रकार आहे. सावकाश पळायला त्यांना लाज वाटते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विश्रांतीचे दिवस किती? आधी निरोगी माणसाचे बोलू. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, ही कमीत कमी. ज्याने पळायला सुरुवात करून वर्ष झालेले नाही, ज्याची चाळिशी उलटली आहे, किंवा ज्याला शेताचे, हमालीचे, उभ्याने करायचे काम आहे, त्याने दोन घ्याव्यात, आणि त्या लागोपाठ न घेता मध्ये अंतर ठेवून घ्याव्यात. एक सुट्टी लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी असावी. शिवाय दर चौथ्या आठवड्यात एकूण सराव तिसऱ्या हिश्श्याने कमी करावा. पेरणी, लावणी, ऊसतोड, परीक्षा, निवडणुकीचे काम, घरातले आजारपण, अशा दिवसांत हा हलका आठवडा आपोआप लागू समजावा. वेळापत्रकात तो पुढे असला तरी. सुट्टीच्या दिवशी गावातून फेरफटका मारायला हरकत नाही. पण दिवसभर लाकडे फोडून त्याला सुट्टी म्हणू नये.

खुणा दिसू लागल्यावर हिशेब वेगळा. मी पायरीपायरीने जातो. पहिल्यांदा तीन दिवस पळणे संपूर्ण बंद, आणि रोज तासभर जास्त झोप. चौथ्या दिवशी नेहमीच्या रस्त्यावर वीस मिनिटे, गप्पा मारता येतील अशा चालीने पळून पाहायचे. पाय हलके वाटले, रात्री झोप लागली, तर तो पहिल्या तऱ्हेचा थकवा होता. त्या आठवड्याचा उरलेला सराव निम्मा करावा आणि पुढे चालू लागावे. चौथ्या दिवशीही पाय जड असले, तर आणखी दहा दिवस पळणे बंद. फक्त रोज अर्धा तास चालणे. असे दोन आठवडे झाले तरी फरक पडला नाही, तर पळण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. कारण थकव्याच्या पांघरुणाखाली इतर आजार लपतात. रक्त कमी होणे, थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, डेंग्यू-चिकुनगुन्यानंतरची अशक्तता आणि आपल्याकडे न विसरण्यासारखा क्षय. तीन आठवड्यांचा खोकला, उतरलेले वजन आणि गेलेली भूक हे ऐकून मला गुरुजींच्या थुंकीची तपासणी आधी करावीशी वाटली, ती त्यासाठीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आणि रक्ताची तपासणी झाली. दोन्ही निर्दोष निघाल्या.

काही खुणांना मात्र तीन दिवसही थांबू नये. पळताना छातीत दुखणे किंवा दाबल्यासारखे होणे, भोवळ येऊन पडणे, छाती धडधडून न थांबणे, यांना त्याच दिवशी दवाखाना. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि पळताना ते वाढत जात असेल, तर हाडाला चीर पडू लागल्याचा संशय धरावा आणि पळू नये. अंगात ताप असताना घाम काढून तो घालवण्याची आपल्याकडे एक समजूत आहे. ती सोडावी, तापात हृदयाला सूज येण्याचा धोका असतो. आणि पळणाऱ्या भगिनींची मासिक पाळी सलग तीन महिने आली नाही, तर बहुधा श्रमांच्या मानाने पोटात अन्न कमी जाते आहे. हाडे त्याने ठिसूळ होतात. संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. हेच पुरुषांतही होते, फक्त त्यांना पाळीसारखी खूण नसते. 'वजन कमी करायचंय' म्हणून एक वेळ जेवून रोज पळणारे पाहिले की, हा थकवा पायांचा नसून ताटाचा आहे हे सांगावे लागते.

गुरुजींना तीन दिवस थांबवले. चौथ्या दिवशी ते वीस मिनिटे पळून आले आणि म्हणाले, "डॉक्टर, बारा मिनिटांनंतर पाय उचलेनात." तेव्हा दुसरी पायरी. दहा दिवस नुसते चालणे. या दहा दिवसांत त्यांना सगळ्यात जास्त छळले ते भीतीने. दोन वर्षांची कमाई वाया जाणार! ही भीती प्रत्येकालाच असते, म्हणून तिचे माप सांगून ठेवतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगल्या कसलेल्या माणसांनी सराव संपूर्ण सोडल्यावर काय होते ते मोजले होते. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल शक्ती पहिल्या एकवीस दिवसांत सुमारे सात टक्क्यांनी घटली. तीन आठवडे काही म्हणजे काही न करता सात टक्के. मग आठवड्याभराच्या विश्रांतीने काय जाणार? उलट मोठ्या शर्यतीपूर्वी जाणते खेळाडू दोन आठवडे आपले पळणे निम्म्याच्या आसपास उतरवतात, चाल मात्र तीच ठेवतात, आणि त्याने त्यांची वेळ सुधारते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

सातव्या-आठव्या दिवशी गुरुजींना सलग झोप लागली. भूक परतली ती त्याच सुमारास. नाडी ६६ वरून ६० वर आली. तेराव्या दिवशी त्यांना मनापासून पळावेसे वाटले. 'पळायला हवे' म्हणून नव्हे, पळावेसे वाटले म्हणून. ही माझ्या मते नाडीपेक्षा मोठी खूण. मग एक दिवसाआड वीस मिनिटे, श्रमाचे गुण तीनच्या वर जाता कामा नयेत अशी अट. पुढच्या आठवड्यात एक दिवसाआड तीस मिनिटे. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार दिवस, त्यांतला एक चाळीस मिनिटांचा. वेळ आधी वाढवला, जोर नंतर. दोन्ही एकदम कधी नाही. धरणाच्या भिंतीपर्यंतचा रस्ता पुन्हा तेहतीस मिनिटांत व्हायला, थांबल्या दिवसापासून सुमारे पाच आठवडे लागले. म्हणजे त्यांचा थकवा दुसऱ्या तऱ्हेचा ठरला.

शर्यतीला तेव्हा दोन आठवडे उरले होते. त्यांनी विचारले, "आता उभा राहू का?" एकवीस किलोमीटर आणि घाटाचा चढ, त्यांचे लांबात लांब पळणे चाळीस मिनिटांवर आलेले. मी नको म्हटले. त्या वर्षी ते उभे राहिले नाहीत. पोरांना काय सांगायचे, हा त्यांना मोठाच प्रश्न पडला होता. त्यांनी फळ्यावर मे आणि जूनचे दोन आठवडे मांडले आणि सातवीच्या वर्गाकडून ९३० आणि २७५० ची गणिते करून घेतली. पोरांना ती आवडली, असे ऐकतो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी याला जोडून एक. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की धावणाऱ्या पोरापोरींना रोज दोन्ही वेळा मैदानावर उतरवले जाते. तेच पोर कबड्डीतही असते आणि खो-खोतही, आणि घरी गुरांचे शेणही तेच काढते. वाढत्या वयाच्या मुलांना आठवड्यातून एक ते दोन दिवस खेळाच्या सरावापासून पूर्ण मोकळे ठेवावे, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. चांगले धावणारे पोर अचानक मागे पडू लागले, वर्गात पेंगू लागले, किरकिरे झाले, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचा आठवडा कागदावर मांडून पाहावा.

असा कागद प्रत्येक हौशी पळणाऱ्यानेही ठेवावा. त्यासाठी शंभर पानी वही पुरते. उठल्यावर एका ओळीत लिहायचे: नाडी किती, झोप किती तास, पळावेसे वाटते की नाही. आणि पळून आल्यावर अर्ध्या तासाने, धाप बसल्यावर, मिनिटे गुणिले श्रम. लगेच लिहिले तर शेवटच्या चढाचा राग सगळ्या पळण्यावर निघतो आणि आकडा फुगतो. रविवारी रात्री आठवड्याची बेरीज करावी आणि शेजारी मागच्या आठवड्याची मांडावी. शेतातले अंगमेहनतीचे काम झाले असेल त्या दिवशी त्याचेही गुण त्याच रीतीने धरावेत. गुरुजींच्या वहीत आता लावणीचे दिवस तांबड्या शाईने लिहिलेले असतात, आणि त्या दिवसांपुढे पळण्याच्या रकान्यात शून्य असते.